एटीएममधली रोकड कधी संपेल, यंत्र कशानं थांबलं: नोंदीवरून भरणा आणि दुरुस्तीच्या फेऱ्या आखण्याची पद्धत

बँकेच्या एटीएम विभागात सकाळी पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती यंत्रं बंद आहेत? या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात मिळतं आणि तिथंच कामाचा घोळ सुरू होतो. रोकड संपून थांबलेलं यंत्र आणि लिंक जाऊन थांबलेलं यंत्र ग्राहकाला सारखंच दिसतं. पण पहिल्याकडे कॅश व्हॅन पाठवायची असते आणि दुसऱ्याकडे ती पाठवून काहीच उपयोग नसतो. शिवाय या दोन घटनांचे नियम वेगळे, जबाबदार माणसं वेगळी. म्हणून दोन्हींची घड्याळं वेगळी ठेवावी लागतात. हा लेख ती घड्याळं कशी ठेवायची आणि त्यांवरून रोजचा रूट कसा आखायचा याबद्दल आहे. उदाहरणासाठी सातारा जिल्ह्यातला कराडहून निघणारा एक रूट घेतला आहे. त्यातली यंत्रं आणि त्यांचे आकडे समजावण्यापुरते आहेत, नियम मात्र खरे आहेत.

दहा तासांचा हिशेब आधी समजून घ्या

रिझर्व्ह बँकेनं १० ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकानं एटीएममध्ये वेळेवर रोकड न भरण्याबद्दल दंडाची योजना आणली आणि ती १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाली. एखादं यंत्र एका महिन्यात मिळून दहा तासांपेक्षा जास्त वेळ रोकडीविना राहिलं, तर त्या यंत्रामागे सरसकट १०,००० रुपये दंड होतो. बँकेतर कंपन्या चालवतात त्या व्हाइट लेबल एटीएमच्या बाबतीत दंड त्या यंत्राला रोकड पुरवणाऱ्या बँकेला होतो, पुढे तो चालक कंपनीकडून वसूल करायचा की नाही हे ती बँक ठरवते.

दहा तास ऐकायला पुष्कळ वाटतात. आता त्यांच्या शेजारी दुसरा नियम ठेवून पाहा. रोकड वाहतुकीबद्दल केंद्रीय गृह मंत्रालयाचे २०१८ चे नियम सांगतात की शहरी भागात रात्री ९ नंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी ६ नंतर एटीएममध्ये रोकड भरायची नाही. नक्षलप्रभावित म्हणून अधिसूचित जिल्ह्यांत ही वेळ आणखी अलीकडे, दुपारी ४ ची आहे. म्हणजे ग्रामीण भागातलं यंत्र संध्याकाळी सातला रिकामं झालं, तर त्या दिवशी कुणीही काहीही करू शकत नाही. दुसऱ्या दिवशी व्हॅन साडेबाराला पोहोचली तरी साडेसतरा तास झालेले असतात. महिन्याचा सगळा कोटा एका रात्रीत संपतो, वर साडेसात तास जास्तच.

यातून कामाचा खरा प्रश्न निघतो. «आज कुठल्या यंत्रात कमी पैसे आहेत» हा तो प्रश्न नाही. «कुठलं यंत्र उद्या व्हॅन पोहोचेपर्यंत टिकणार नाही» हा आहे, आणि त्याचं उत्तर आज सकाळी, व्हॅन व्हॉल्टमधून निघायच्या आत हवं. पुढची सगळी नोंद या एका उत्तरासाठीच ठेवायची आहे.

नोंद: एक घटना, एक ओळ

बऱ्याच ठिकाणी रोज सकाळी यंत्रांची यादी घेऊन प्रत्येकापुढे «चालू» किंवा «बंद» लिहितात. अशा शीटवरून तास काढता येत नाहीत, कारण रात्री अकराला बंद पडून पहाटे पाचला सुरू झालेलं यंत्र त्यात दिसतच नाही. त्याऐवजी प्रत्येक घटनेची स्वतंत्र ओळ करा. यंत्राचा क्रमांक, घटनेचा प्रकार, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, कारण, आणि ती कुणी मिटवली: रोकड भरणाऱ्या एजन्सीचे कस्टोडियन, इंजिनिअर, लिंकवाली कंपनी की शाखेतला कुणी. सुरुवातीला एवढे रकाने पुरतात.

वाद होतो तो वेळांवरून. कॅश-आउट सुरू कधी झालं? फोन आला तेव्हा नव्हे. स्विचवर, म्हणजे यंत्रांना बँकेशी जोडणाऱ्या मध्यवर्ती प्रणालीवर, शेवटची कॅसेट, म्हणजे नोटांची पेटी, रिकामी झाल्याचा संदेश आला ती वेळ धरा. तो संदेश नसेल तर रोकड नसल्यामुळे नाकारला गेलेला पहिला व्यवहार धरा. रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येचा रोखही तिकडेच आहे: रोकड नसल्यामुळे ग्राहकाला पैसे काढता आले नाहीत, तर ते कॅश-आउट. संपल्याची वेळ मात्र कस्टोडियननं «लोडिंग झालं» म्हणून मेसेज केला ती लिहू नका. लोडिंगनंतरचा पहिला यशस्वी विड्रॉल हीच खरी वेळ. लोडिंग होऊनही यंत्र सुपरवायझर मोडमध्येच राहिलं, दरवाजा नीट बसला नाही किंवा नोटा मोजणारे काउंटर क्लिअर झाले नाहीत, असे प्रकार नेहमी घडतात. मेसेज आणि पहिला विड्रॉल यांत दीड तासाचं अंतर दिसलं, तर तो दीड तास वेगळ्या ओळीत, वेगळ्या कारणाखाली लिहा. महिनाअखेरीस एजन्सीशी बोलताना हीच ओळ उपयोगी पडते.

रोकडही संपली आणि लिंकही गेली, तर? दोन ओळी करा, प्रत्येकीची वेळ स्वतंत्र. यंत्र एकूण किती वेळ बंद होतं हे काढताना दोन्ही एकमेकांवर चढलेला वेळ एकदाच मोजायचा. पण कॅश-आउटचे तास काढताना लिंकचा काळ वजा करायचा मोह टाळा. आधी रोकड संपली असेल तर तो वेळ रोकडीचाच आहे. उलट, लिंक आधी गेली असेल तर तेवढ्या वेळात यंत्रातून पैसे गेलेलेच नसतात, त्यामुळे त्या काळात कॅश-आउट सुरू होणं शक्य नसतं. लिंक नसताना स्विचवर संदेशही येत नाहीत. अशा वेळी यंत्रात प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवणारा इलेक्ट्रॉनिक जर्नल नंतर खेचून वेळा पक्क्या करा आणि तोवर त्या ओळीवर «तात्पुरती» अशी खूण ठेवा.

शीटमध्ये एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ३१ तारखेच्या रात्री सुरू झालेली घटना १ तारखेला संपते आणि तिचे सगळे तास चुकीच्या महिन्यात पडतात. दंडाची मर्यादा महिन्याची असल्यानं हे तास तोडलेच पाहिजेत. समजा C मध्ये सुरुवात, D मध्ये शेवट, K1 मध्ये महिन्याच्या १ तारखेची मध्यरात्र आणि K2 मध्ये पुढच्या महिन्याच्या १ तारखेची मध्यरात्र आहे, तर त्या महिन्यात पडणारे तास असे निघतात:

```
=MAX(0, MIN(IF(D2="",NOW(),D2),$K$2) - MAX(C2,$K$1))*24
```

D रिकामं असेल तर घटना अजून चालू आहे असं धरून आत्तापर्यंतचे तास मोजले जातात. हे सूत्र G मध्ये, यंत्राचा क्रमांक A मध्ये आणि घटनेचा प्रकार B मध्ये असेल तर K07 क्रमांकाच्या एका यंत्राचे महिन्याचे कॅश-आउट तास असे:

```
=SUMIFS(G:G,A:A,"K07",B:B,"CASHOUT")
```

हा आकडा सहाच्या वर गेला की ते यंत्र त्या महिन्यापुरतं जपायचं. त्याला पुढच्या प्रत्येक फेरीत ठरलेल्यापेक्षा जास्त रोकड द्यायची आणि त्याची शिल्लक दिवसातून दोनदा पाहायची. सहा हा माझा आकडा आहे. ग्रामीण रूटवर तो चारवर आणला तरी चालेल, कारण तिथं उरलेले सहा तास एका संध्याकाळीत जातात.

शिल्लक म्हणजे देता येण्याजोगी शिल्लक

यंत्रात साधारणपणे चार कॅसेट असतात. प्रत्येकीत २,००० नोटा भरल्या आणि दोन कॅसेट पाचशेच्या, एक दोनशेची, एक शंभरची ठेवली, तर वीस लाख, चार लाख आणि दोन लाख मिळून २६ लाख होतात. पाचशेच्या दोन्ही कॅसेट संपल्यावर स्विच अजून सहा लाख शिल्लक दाखवतं. पण एका व्यवहारात यंत्र फार तर चाळीसेक नोटा देतं. दहा हजार मागणाऱ्याला दोनशेच्या चाळीस नोटांतून आठ हजारच मिळतील, म्हणजे त्याचा व्यवहार नाकारला जाईल. नियमाच्या भाषेत हे कॅश-आउट नसेल, पण रांगेतल्या माणसाला तसंच वाटतं आणि शाखेत फोन सुरू होतात.

म्हणून अंदाज काढताना पाचशेची शिल्लक वेगळी पाहा. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएमांतून किमान एका कॅसेटमधून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. त्यामुळे सगळ्या कॅसेट पाचशेनं भरून मोकळं होण्याचा जुना उपाय आता बहुतेक यंत्रांत चालत नाही. लहान नोटांची कॅसेट किती दिवसांत संपते याचाही दर आता काढावा लागतो.

एक गोष्ट आधीच तपासा: स्विचवरची शिल्लक आणि कॅसेटमधल्या प्रत्यक्ष नोटा जुळतात का? जुन्या, मऊ पडलेल्या नोटा भरल्या तर नोटा बाहेर देणारा डिस्पेन्सर त्या उचलताना दोन-दोन घेतो आणि रिजेक्ट बिनमध्ये टाकतो. बिन भरलं की कॅसेटमध्ये लाखो रुपये असूनही यंत्र थांबतं. काउंटर क्लिअर न करता लोडिंग झालं तर गोंधळ उलटाच होतो: पैसे भरलेले असतात आणि यंत्र स्वतःला रिकामं समजतं. लोडिंगनंतर कस्टोडियननं भरलेला आकडा आणि स्विचवरचा आकडा शाखेसमोर जुळवला नाही, तर पुढचा सगळा अंदाज चुकीच्या पायावर उभा राहतो.

बंद दिवस सरासरीत घेतला की अंदाज घसरतो

आता मुख्य हिशेब. बहुतेक ठिकाणी मागच्या काही आठवड्यांच्या विड्रॉलची सरासरी काढून इंडेंट, म्हणजे व्हॉल्टकडे रोकडीची मागणी, करतात. या सरासरीत एक दोष आहे आणि तो नोंदवहीशिवाय दिसत नाही.

आपल्या रूटवर कराड–पाटण रस्त्यावरच्या एका बाजारगावात K07 हे यंत्र आहे असं समजू. गावचा बाजार मंगळवारी. मागच्या तीन मंगळवारी विड्रॉल झाले ६.२ लाख, ६ लाख आणि ३.१ लाख. सरासरी ५.१ लाख. या मंगळवारी सकाळी शिल्लक आहे ५.५ लाख. हिशेब म्हणतो, आजचा दिवस निघेल, चाळीस हजार उरतील, उद्या भरू.

घटनांची शीट उघडून पाहिलं तर तिसऱ्या मंगळवारची ओळ सापडते: दुपारी दीडला लिंक गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी आली. म्हणजे ३.१ लाख ही त्या दिवसाची मागणी नव्हतीच, दीडपर्यंत यंत्र जेवढं देऊ शकलं तेवढा तो आकडा होता. आधीच्या दोन मंगळवारचे व्यवहार तासाप्रमाणे पाहिले तर दुपारी दीडपर्यंत दिवसाचा साधारण अर्धा विड्रॉल झालेला दिसतो. मग त्या दिवसाची मागणी अंदाजे ६.२ लाख धरावी लागते आणि तीन मंगळवारची सरासरी ६.१ लाखांवर जाते. साडेपाच लाख म्हणजे त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग. बाजारगावात तेवढा उपसा संध्याकाळी सातच्या आसपास पुरा होतो. सहा वाजल्यानंतर लोडिंग नाही. म्हणजे हेच ते साडेसतरा तासांचं उदाहरण.

कॅश-आउटच्या दिवसांबाबत हा दोष जास्त घातक आहे. रोकड संपली म्हणून विड्रॉल कमी दिसतो, विड्रॉल कमी दिसला म्हणून पुढचा इंडेंट कमी होतो, आणि इंडेंट कमी म्हणून रोकड पुन्हा संपते. एकच यंत्र दर महिन्याला दंडाच्या यादीत येत असेल तर आधी एजन्सीला दोष न देता हे चक्र तपासा. उपाय साधा आहे: सरासरी काढताना दिवसाचा विड्रॉल दिवसानं भागायचा नाही, यंत्र ज्या तासांत खरंच चालू होतं त्या तासांनी भागायचा. तोही सरसकट नव्हे, तासागणिक वाटा पाहून, कारण पहाटे तीनचा चालू तास आणि सकाळी अकराचा चालू तास सारखे नसतात. एवढं करणं जड जात असेल तर ज्या दिवशी यंत्र दोन तासांहून जास्त बंद होतं तो दिवस सरासरीतून सरळ वगळा. थोडी माहिती वाया जाईल, पण अंदाज खाली ओढला जाणार नाही.

दिवसांचे गट पाडताना कॅलेंडरबरोबर गावाची माहिती लागते. महिन्याची १ ते १० तारीख, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची बँक सुट्टी, गणपती-दिवाळी हे सगळ्यांनाच माहीत असतं. कराड भागात याशिवाय साखर कारखान्यांची उसाची बिलं जमा होण्याचे दिवस असतात, त्यांना तारीख नसते. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये खात्यात येतात तेव्हा गावातल्या यंत्रांवर रांगा लागतात आणि त्यात लहान नोटांची मागणी जास्त असते. अशा दिवसांचा अंदाज सरासरीतून येत नाही. शाखाधिकाऱ्याला रोज फोन करून «उद्या काही मोठं जमा होणार आहे का» एवढं विचारायचं आणि उत्तर शीटमध्ये लिहायचं. शाखेला ही माहिती बहुधा एक दिवस आधी असते, विचारणारा कुणी नसतो.

बंद यंत्र: तिजोरीच्या आत की बाहेर?

दुरुस्तीच्या फेऱ्या आखताना कारणांची लांबलचक यादी करण्यापेक्षा एक विभागणी जास्त कामाची आहे. बिघाड तिजोरीच्या आत आहे की बाहेर? डिस्पेन्सर, कॅसेट, रिजेक्ट बिन तिजोरीत असतात. कार्ड रीडर, पावतीचा प्रिंटर, स्क्रीन, संगणक हे वरच्या भागात. तिजोरी इंजिनिअर उघडू शकत नाही, त्यासाठी लॉकचा कोड असलेले कस्टोडियन लागतात. डिस्पेन्सरच्या दुरुस्तीला इंजिनिअर एकटा गेला तर तो बाहेरून यंत्र पाहून, फोटो काढून परत येतो आणि शीटमध्ये «व्हिजिट झाली» अशी ओळ पडते. सगळ्यात जास्त वाया जाणारी फेरी हीच. आतल्या बिघाडाचा कॉल टाकतानाच कॅश व्हॅन त्या यंत्राकडे कधी जाणार आहे हे पाहून इंजिनिअरला तीच वेळ द्यायची.

पहिल्या पातळीची दुरुस्ती, म्हणजे अडकलेली नोट काढणं, रिजेक्ट बिन रिकामं करणं, यंत्र रिसेट करणं, हे कस्टोडियन करतात आणि त्यानं बरेच बिघाड मिटतात. अवघड भाग असतो तो कधी थांबायचं हे ठरवण्याचा. सात दिवसांत त्याच यंत्रावर तोच एरर कोड तिसऱ्यांदा आला, तर चौथ्यांदा रिसेट करायला कुणाला पाठवू नका. सुटा भाग घेऊन इंजिनिअर पाठवा. ही गोष्ट घटनांच्या शीटवर यंत्र आणि कोड यांची गाळणी लावली की लगेच दिसते. रोजच्या चालू-बंद यादीत ती कधीच दिसत नाही, कारण प्रत्येक वेळी यंत्र दुपारपर्यंत «चालू» झालेलं असतं.

लोडिंगनंतर दोनेक तासांत डिस्पेन्सरचा बिघाड आला तर संशय यंत्रावर नको, लोडिंगवर घ्या. कॅसेट पूर्ण आत ढकललेली नसते, नोटा फॅन न करता तशाच दाबून भरलेल्या असतात, कधी गड्डीचं रबर किंवा कागदी पट्टी आत राहते. जर्नलमध्ये लोडिंगच्या आधी रिजेक्ट कमी आणि नंतर अचानक जास्त दिसले की हे पक्कं होतं. तिथं इंजिनिअरचं काम नाही, त्याच कस्टोडियन जोडीला परत पाठवायचं.

लिंक गेल्याचा कॉल आला तर कुणालाही गाडीत बसवण्याआधी शाखेला किंवा शेजारच्या दुकानदाराला फोन करून दोन गोष्टी विचारा. यंत्राच्या खोलीत दिवा लागतोय का? मॉडेमवर दिवे आहेत का? वीज नसेल आणि यूपीएस संपला असेल तर स्विचवर तेसुद्धा «लिंक डाउन» असंच दिसतं. ग्रामीण भागात या दोन्हींची सरमिसळ इतकी होते की महिनाभराच्या «लिंक» ओळी वीजपुरवठ्याच्या वेळांशी ताडून पाहाव्यात. खरं दुखणं अनेकदा यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्यांचं निघतं.

आणखी एक प्रकार स्विचवर बंद म्हणून येतच नाही. यंत्र «इन सर्व्हिस» दिसतं, रोकड आहे, पण व्यवहार शून्य. शटर अर्धं ओढलेलं असतं, कार्डाच्या फटीत कुणी काही खुपसलेलं असतं किंवा स्क्रीन काळी पडलेली असते. हे पकडायला प्रत्येक यंत्राचं दोन यशस्वी विड्रॉलमधलं नेहमीचं अंतर काढून ठेवा. सकाळी अकराला जिथं दहा मिनिटांनी एक विड्रॉल होतो, तिथं अर्धा-पाऊण तास काहीच झालं नाही तर फोन करायचा. रात्री हेच अंतर तीन तासांचं असू शकतं, म्हणून दिवसाची आणि रात्रीची मर्यादा वेगळी ठेवायची. फटीत वेडंवाकडं काही सापडलं तर तो दुरुस्तीचा विषय राहत नाही. यंत्र बंद ठेवून बँकेच्या सुरक्षा विभागाला कळवायचं.

सकाळी साडेआठचा निर्णय

आता तीन यंत्रांचा एक दिवस आखून पाहू. मंगळवार, सकाळी साडेआठ. कराड स्टँडजवळच्या K02 मध्ये ९ लाख आहेत, रोजचा उपसा ६ लाख. बाजारगावातल्या K07 मध्ये ५.५ लाख, आजची मागणी ६.१ लाख. ढेबेवाडी खोऱ्यातल्या K11 मध्ये २.४ लाख, रोजचा उपसा १.६ लाख, पण काल रात्री दहापासून डिस्पेन्सरचा बिघाड. व्हॅन अकराला निघते.

शिल्लकीप्रमाणे क्रम लावला तर K11 पहिलं येतं, कारण तिथं सगळ्यात कमी पैसे आहेत. पण ते यंत्र बंद आहे आणि बंद यंत्रातली रोकड संपत नाही. आत्ता दुरुस्त झालं तरी उद्या दुपारपर्यंत पैसे पुरतील. K02 उद्या दुपारी दोनच्या सुमारास रिकामं होईल. ते व्हॉल्टपासून जवळ आणि शहरात असल्यानं उद्याच्या फेरीत पहिलं घेतलं की झालं. राहिलं K07. त्याची घडी आज संध्याकाळी सातला संपते, म्हणून आजची पहिली खेप तिथं, साडेबारापर्यंत.

त्यानंतर व्हॅन कराडला वळून ढेबेवाडीच्या वाटेला लागते आणि साडेतीनला K11 वर पोहोचते. इंजिनिअरला सकाळीच साडेतीनची वेळ दिलेली असते. कस्टोडियन तिजोरी उघडतात, इंजिनिअर डिस्पेन्सर पाहतो, सहा वाजायला अडीच तास हातात असतात. दुरुस्ती झाली तर त्याच भेटीत रोकडही भरायची, कारण या खोऱ्यात व्हॅन पुन्हा परवा येणार. म्हणजे K11 ला रोकडीची घाई नव्हती, तरी दुरुस्तीसाठी व्हॅन जातेच आहे म्हणून भरणा तिथं आज बसतो. दुरुस्ती झाली नाही तर मात्र भरू नका. बंद यंत्रात पैसे कोंडून ठेवण्यापेक्षा ते K02 ला उद्या उपयोगी पडतील.

ज्या रूटवर रोकड जास्त लागते तिथं आणखी एक मर्यादा आड येते: एका फेरीत एका व्हॅनमधून ५ कोटींपेक्षा जास्त रोकड नेता येत नाही. आपल्या रूटवर ती मर्यादा लागत नाही, शहरातल्या मोठ्या रूटवर दिवाळीच्या आठवड्यात लागते. तेव्हा फेऱ्या दोन करायच्या, पण दुसरीची वेळ व्हॉल्टमधून रोकड मिळण्यावर अवलंबून असते, म्हणून तो इंडेंट आदल्या दिवशीच गेलेला हवा.

किती जास्त भरावं?

दंड टाळायचा तर प्रत्येक यंत्र काठोकाठ भरावं असं कुणी म्हणेल. पडून राहिलेल्या रोकडीला व्याज लागतं, हे त्याचं उत्तर. वर्षाला साडेसहा टक्के दरानं एक लाख रुपये महिनाभर यंत्रात पडून राहिले तर सुमारे ५४० रुपये जातात. १०,००० च्या दंडाशी तुलना केली तर K07 सारख्या यंत्रात बाजाराच्या आदल्या दिवशी दोन-तीन लाख जास्त ठेवणं केव्हाही परवडतं. पण हीच गोष्ट रोज ७०-८० हजारांचाच उपसा असलेल्या यंत्राला लावली तर तिथं दहा-पंधरा लाख वर्षभर निजून राहतात. विम्याची प्रति-यंत्र मर्यादाही असते, ती शीटच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

माझा ठोकताळा असा: पुढची फेरी ज्या दिवशी होणार त्या दिवसाच्या दुपारपर्यंतची मागणी, अधिक मागच्या दोन महिन्यांत अंदाज वरच्या बाजूला जितका जास्तीत जास्त चुकला तितकी भर. यासाठी रोज अंदाज आणि प्रत्यक्ष विड्रॉल शेजारी-शेजारी लिहावे लागतात. ज्या यंत्राचा अंदाज कधीच चुकत नाही त्याला भर कमी, ज्याचा सारखा चुकतो त्याला जास्त. सगळ्या यंत्रांना सरसकट २० टक्के जास्त देण्यात काही अर्थ नाही.

महिना संपल्यावर

बँकेनं रोकड न भरल्यामुळे झालेल्या बंद काळाचं सिस्टिममधून निघालेलं विवरण रिझर्व्ह बँकेच्या संबंधित इश्यू विभागाकडे पुढच्या महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत पाठवायचं असतं. सिस्टिममधून निघालेलं हा शब्द महत्त्वाचा आहे. तुमची शीट आणि ते विवरण यांत फरक पडला तर विवरण धरलं जातं. म्हणून महिन्यातून दोनदा, १५ तारखेला आणि अखेरीस, दोन्ही ताडून पाहा. फरक बहुधा दोन ठिकाणी सापडतो: लोडिंगनंतर काउंटर उशिरा क्लिअर झाल्यानं लांबलेलं कॅश-आउट, आणि रिजेक्ट बिन भरून थांबलेलं यंत्र सिस्टिमनं रोकडीविना म्हणून मोजणं. दुसऱ्या प्रकारात कॅसेटमध्ये रोकड होती हे जर्नलवरून दाखवता येतं, फक्त तो जर्नल वेळेवर खेचून ठेवलेला असायला हवा.

दंड झाल्यावर अपील एका महिन्याच्या आत, रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक संचालकांकडे करता येतं. ते बँकेच्या हाताबाहेरच्या खऱ्या कारणांसाठीच विचारात घेतलं जातं: टाळेबंदी, संप, अशी. «एजन्सीची गाडी बिघडली» हे त्यात बसत नाही. कृष्णा-कोयनेला पूर येऊन रस्ता बंद झाला असेल, तर तहसील कार्यालयाचा किंवा पोलिसांचा रस्ता बंद असल्याचा आदेश त्याच दिवशी मिळवून घटनेच्या ओळीला जोडून ठेवा. महिन्यानंतर तो शोधायला गेलात तर मिळायला अपिलाच्या मुदतीपेक्षा जास्त दिवस लागतात.